सकाळचा आखडलेपणा: झीज की संधिवात?

“आईची बोटं सकाळी तास-दीड तास वळतच नाहीत. वयोमानाने झीज असेल ना?”

झिजेचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो आणि दुखणं वापराने वाढतं. लालबागच्या माझ्या मावशीचं उलट होतं. सकाळी दुधाची पिशवी फाडता येत नसे, अकरानंतर हात चालू! दोन्ही हातांच्या मुठीचे सांधे सुजलेले, दाबले तर मऊ लागायचे आणि कळ यायची. झिजेत बहुतेकदा नखांजवळच्या पेरांवर टणक गाठी येतात. संधिवाताच्या रक्तचाचणीत तिचा आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणून सहा महिने नुसत्या पेनकिलरवर गेले. नंतर संधिवाताचीच दुसरी रक्तचाचणी, अँटी-सीसीपी, पॉझिटिव्ह निघाली. कधी दोन्ही निगेटिव्ह असूनही संधिवात असतो, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर थांबू नका. आईंना लवकर संधिवाताच्या डॉक्टरकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे न्या. संधिवाताने कुरतडलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही.