आलमट्टीवरचा लेख, तीन रकाने आणि परत आलेली वही

अकरावीतल्या मुलीची आई, राजारामपुरी
कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची वाढवू नये, असे मांडणारा लेख माझ्या मुलीने वादविवाद स्पर्धेसाठी तीन रकान्यांत उतरवला. दावा : आलमट्टीमुळे कोल्हापुरात पूर येतो. पुरावा : 2019 चा पूर आणि त्याची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल. प्रतिवाद : काही नाही. सरांनी वही परत पाठवली. लेखातले सगळे आले असताना चुकले काय?

निवृत्त शिक्षक
हे वाचून गप्प बसवले नाही, कारण परीक्षकाच्या खुर्चीत बसून मी हीच चूक वर्षानुवर्षे ऐकली आहे. 2019 च्या पुराला आलमट्टी कारणीभूत नाही, असा निष्कर्ष वडनेरे समितीने दिला होता. म्हणजे विरोधकांच्या हातातला हुकूम मुलीने स्वतःच्या पुराव्यांत ठेवला. लेखकाने तो खोडून काढण्यासाठीच आणला असणार. अशा परिच्छेदाच्या तोंडी ‘असे सांगितले जाते’ किंवा ‘हे मान्य केले तरी’ असते आणि पुढे कुठेतरी ‘मात्र’ येतो. ‘मात्र’च्या अलीकडचे बोलणे विरोधकाचे आणि पलीकडचे लेखकाचे, एवढे पेन्सिलीने खुणावले असते, तर प्रतिवादाचा रकाना रिकामा राहिला नसता.

शाहूपुरीतला रहिवासी
समितीचे कौतुक आम्हाला सांगू नका. 2019 मध्ये आमच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते आणि आईला खिडकीतून होडीत उतरवावे लागले. खाली पाणी तुंबल्याशिवाय वर ते इतके दिवस थांबून राहत नाही, हे कळायला अहवाल कशाला लागतो? मुलीने दावा अगदी बरोबर लिहिला आहे.

वकील, कसबा बावडा
आपल्या आईंवर जे गुदरले त्याबद्दल वाद नाही, पण दावा चुकलाच आहे. ‘आलमट्टीमुळे पूर येतो’ ही लेखकाची पायरी आहे. ‘उंची वाढवू नये’ हा त्याचा दावा आहे. लेखाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचावा आणि लेखक कोणाकडून काय करून घेऊ पाहतो, ते एका वाक्यात लिहावे.

त्यानंतर प्रत्येक पुराव्यापुढे ‘म्हणून’ लावून तो दाव्याशी जोडून पाहावा. ‘राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा 55 फुटांवर गेली, म्हणून उंची वाढवू नये.’ मध्ये केवढी उडी राहिली, ते ऐकूनच कळते. 2010 मध्ये कृष्णा पाणीवाटप लवादाने 524.256 मीटरपर्यंत साठ्याची मुभा दिली, पण 2019 चा पूर आला तेव्हा धरणाची साठ्याची कमाल पातळी 519.60 मीटरच होती. वादाचा विषय वरचे साडेचार मीटर आहेत. त्यांनी धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याचा फुगवटा कुठवर सरकेल, हे लेखात दाखवले असेल तर तो खरा पुरावा. नसेल, तर त्या रकान्यात ‘दुवा नाही’ असे स्वच्छ लिहावे, कारण समोरचा वक्ता पहिला घाव तिथेच घालील.

शाहूपुरीतला रहिवासी
म्हणजे आमचा पूर पुरावाच नाही? वकिलांना पाणी घरात आल्याशिवाय समजायचे नाही.

वकील, कसबा बावडा
पूर किती भीषण होता, याचा तो पुरावा आहे. कशामुळे आला, याचा नाही. बावड्यातही पाणी आले होते, साहेब.

स्थापत्य अभियंता
दोघेही मूळ दुखणे टाळत आहेत. निळ्या पूररेषेच्या आत भराव घालून इमारती उभ्या राहतात, हा खरा प्रतिवाद आहे आणि तो मुलीने लिहायलाच हवा. माझ्याच गल्लीतला ओढा आता पाइपमधून वाहतो. महामार्गाच्या भरावावर तर कोणी बोलतच नाही.

निवृत्त शिक्षक
भराव आणि ओढे, दोन्ही मान्य. पण ते लेखात आहेत का? सारांशात लेखकाने न लिहिलेले घातले, तर तो सारांश उरत नाही.

स्थापत्य अभियंता
आणि स्पर्धेत कोणी विचारले, तर ‘लेखात नव्हते’ असे उत्तर द्यायचे का? गुण मिळतील, नाही का?

वकील, कसबा बावडा
प्रतिवादाच्या रकान्याखाली रेघ मारावी. रेघेच्या वर लेखकाने स्वतः उल्लेखलेले आक्षेप आणि त्याने दिलेले उत्तर. रेघेखाली त्याने टाळलेले, शेजारी ‘लेखात नाही’ असे लिहून. बहुतेक लेखक विरोधकाचा सोपा आक्षेप निवडतात, त्यामुळे भरावासारखे अवघड आक्षेप खालीच सापडतील.

निवृत्त शिक्षक
रेघ ठळक असेल तर चालेल. तरीही माझ्या मते तो सारांश नव्हे, तयारीची वही.

अकरावीतल्या मुलीची आई, राजारामपुरी
वडनेरे अहवाल रेघेच्या वर गेला. लेखात त्याच्यानंतर खरेच ‘मात्र’ निघाला, मास्तर. त्यापुढे लेखकाने फक्त ‘सामान्य माणसाचा अनुभव वेगळा आहे’ एवढेच लिहिले आहे, ते शाहूपुरीच्या साहेबांना आवडेल. 524.256 हा आकडा संपूर्ण लेखात कुठेही नाही, म्हणून मुलीने लाल शाईने ‘दुवा नाही’ लिहिले, आणि आता ती विचारते आहे की तिला नेमके ‘उंची वाढवू नये’ या ठरावाच्या बाजूनेच बोलायचे आहे, तर हे सरांना दाखवू की लपवू.