मदत हवी आहे: अर्धायुकालाच्या गणिताचं उत्तर ११.८५ येतंय, निम्मं-निम्मं केलं तर जुळत नाही

मुक्ता_बारावी
आयोडीन-१३१, अर्धायुकाल ८ दिवस, सुरुवातीची सक्रियता ६४० मेगाबेक्वेरेल. २० दिवसांनी किती उरेल? मी असं केलं:

```
k = 0.693/8 = 0.086625
k*t = 0.086625*20 = 1.7325
A = 640*e^(-1.7325) = 11.85
```

मग ताळा म्हणून निम्मं करत गेले. ८ दिवसांनी ३२०, १६ दिवसांनी १६०. पुढचे ४ दिवस अर्धायुकालात बसत नाहीत, तिथे अडकले. सूत्र तर बरोबर वाटतंय. चुकतंय कुठे?

चौकस
अडकायचं कारण नाही. आणखी एक पायरी पुढे जा: २४ दिवसांनी ८०. तुझा २०वा दिवस १६ आणि २४ च्या बरोब्बर मध्ये येतो, म्हणून १६० आणि ८० ची सरासरी घे, १२०. ११.८५ नक्की चूक आहे.

अणुरेणू
उत्तर १६० आणि ८० च्या मध्येच हवं, इथवर चौकस यांचं बरोबर. १२० मात्र नाही. काळाच्या मध्यावर सक्रियता आकड्यांच्या मध्यावर नसते. दर ८ दिवसांना २ ने भागतो, तर दर ४ दिवसांना अशा संख्येने भागायला हवं की दोनदा भागल्यावर २ ने भागल्यासारखं व्हावं. ती संख्या १.४१४. म्हणून १६० भागिले १.४१४ = ११३. पुन्हा १.४१४ ने भागा, २४व्या दिवसाचे ८० येतात.

सरासरीने येणारं उत्तर नेहमी थोडं जास्तच येतं, कारण वक्र दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खाली झुकलेला असतो. ही चूक फार तर ६ टक्क्यांची. ढोबळ ताळ्याला चालेल, उत्तरपत्रिकेत नको.

आता ११.८५ कुठून आलं ते पाहू. ६४० निम्मं करत जा: ३२०, १६०, ८०, ४०, २०, १०. म्हणजे ११.८५ वर यायला जवळजवळ पावणेसहा अर्धायुकाल लागतात, सुमारे ४६ दिवस. तुमच्याकडे आहेत अडीच. ५.७५ ला २.५ ने भागलं की २.३ येतात, आणि २.३०३ म्हणजे १० चा नैसर्गिक लॉगॅरिदम. सूत्र आणि घातांक दोन्ही ठीक आहेत, कॅल्क्युलेटरवर `e^x` ऐवजी `10^x` दाबलं गेलंय. बऱ्याच कॅल्क्युलेटरवर ही दोन्ही शेजारी-शेजारी, `log` आणि `ln` च्या बटणांवर असतात. वजा चिन्ह सुटलं असतं तर उत्तर ६४० च्या वर गेलं असतं, ती चूक लगेच दिसते. ही दिसत नाही, कारण आकडा कमी झालेलाच असतो.

सुलभा_एम
थायरॉईडसाठी आईला हेच आयोडीन दिलंय. मग याच हिशोबाने २० दिवसांनीही तिच्या अंगात सहाव्या हिश्श्याहून जास्त असेल का? घरात लहान मूल आहे.

अणुरेणू
नाही, हा हिशोब बाटलीत ठेवलेल्या आयोडीनचा. शरीरातून ते लघवीवाटेही बाहेर जातं, त्यामुळे ८ दिवसांच्या आतच निम्मं होतं. किती आत, हे थायरॉईड काढलेली आहे की नाही यावर बरंच अवलंबून. बाळापासून किती दिवस लांब राहायचं ते रुग्णालयातल्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांनाच विचारा, इथल्या आकड्यांवर ठरवू नका.

मुक्ता_बारावी
`10^x` च दाबलं होतं! आता ११३.२ येतंय. पण उत्तरसूचीत ११३.६ आहे. आणि दुसरा उपप्रश्न: ५ वर यायला किती दिवस? ६४०, ३२०, १६०, ८०, ४०, २०, १०, ५. आठ आकडे, ६४ दिवस?

चौकस
०.६९३ हे गोल केलेलं आहे, त्याचा फरक असेल.

अणुरेणू
त्याने इतका फरक पडत नाही, ०.६९३१५ घेतलं तर ११३.२ चं ११३.१ होतं, उलट लांबच जातं. अर्धायुकाल ८.०२ दिवस धरला की ११३.६ येतं, आणि आयोडीन-१३१ चा खरा अर्धायुकाल तेवढाच आहे. सूची करणाऱ्याने तोच धरला असावा. प्रश्नात ८ छापलंय तर मी ८ च घेईन, पण तपासणारे काय धरतील कोण जाणे.

दुसऱ्यात आकडे मोजू नका, उड्या मोजा. ६४० हा शून्य दिवसाचा आकडा, तिथे अजून काही निम्मं झालेलं नाही. आठ आकड्यांमध्ये उड्या सात, म्हणून ५६ दिवस. प्रत्येक आकड्याखाली दिवस लिहीत गेलात (०, ८, १६, २४…) तर हा घोळ होत नाही.

चौकस
आणि ५ ऐवजी ७ विचारलं असतं तर?

अणुरेणू
१० आणि ५ च्या मध्ये, म्हणजे ४८ ते ५६ दिवस. नेमका दिवस `ln` नेच काढावा लागेल, पण उत्तर त्या आठ दिवसांत पडलं नाही तर पुन्हा बटणं तपासायची.