प्रतिसाद: अर्थ पोहोचतो, ध्वनी निसटतो

«समजते, बोलताही येते, मग ऐकलेले वाक्य जसेच्या तसे का म्हणता येत नाही?»

मेंदूला इजा झाल्याने होणाऱ्या संवहनी वाचाघातात, म्हणजे ऐकलेले पुन्हा म्हणता न येण्याच्या भाषादोषात, असे घडते, कारण अर्थ आणि ध्वनिक्रम मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जातात. कल्पित उदाहरण घ्या: 'दूधवाला आज उशिरा आला' हे म्हणायला सांगितले, तर असा रुग्ण 'गवळ्याला उशीर झाला' म्हणू शकतो, म्हणजे आशय त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो आणि तो स्वतःच्या शब्दांत वाक्य नव्याने रचतो. 'टमाक'सारख्या निरर्थक शब्दाला मात्र अर्थाचा आधार नसल्याने तिथे तो अधिक अडखळतो. 'कपाट' म्हणताना 'पकाट… कटाप… कपाट' असे प्रयत्न होतात; चूक त्याला ऐकू येते, आणि आकलन शाबूत असल्याची ही (माझ्या मते सर्वांत बोलकी) खूण आहे.

जर्मन वैद्य वेर्निकेने १८७४ मध्ये मेंदूतील श्रवण आणि उच्चार यांच्या केंद्रांमधील जोडणी तुटल्याची कल्पना मांडली, अमेरिकन मज्जातज्ज्ञ गेश्विंडने १९६५ मध्ये ही केंद्रे जोडणाऱ्या कमानाकृती तंतुपट्ट्यावर भर दिला. तथापि केवळ तंतूंना दोष देणे अपुरे आहे, कारण डाव्या पार्श्वखंड व शंखखंड यांच्या सीमेवरील बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, जिथे ऐकलेले ध्वनी क्षणभर धरून उच्चाराच्या हालचालींशी जुळवले जातात, तो दुखावल्यानेही हेच चित्र दिसते.