ब्रॅगच्या θ ला 'आपतन कोन' म्हणावं का?

मुक्ता: एक्स-रे विवर्तनावर मराठीत टिपण लिहितेय. nλ = 2d sinθ मधल्या θ ला 'आपतन कोन' लिहिलं तर चालेल? आणि पाथ डिफरन्स म्हणजे पथांतर की पथफरक?

जुनापाटी: पथांतर म्हटलं की मला पक्षांतर आठवतं. पथफरक बरा. आपतन कोन चालेल, किरण येऊन पडतो तोच कोन.

स्फटिकवेडा: पथफरकाला हरकत नाही, पण आपतन कोन नको. तो शाळेपासून आपण स्तंभिकेपासून मोजतो आणि ब्रॅगचा θ प्रतलापासून मोजतात. आकृतीच काढा. एकमेकांखाली d अंतरावर दोन प्रतलं. वरच्या किरणाच्या आदळबिंदूपासून खालच्या किरणाच्या येत्या आणि जात्या वाटेवर लंब टाका. खालच्याला जाताना d sinθ आणि परतताना तेवढंच जास्त चालावं लागतं. हा 2d sinθ पूर्ण तरंगलांबीच्या पटीत आला की किरण एकमेकांना साथ देतात. कोन स्तंभिकेपासून धरलात तर sin च्या जागी cos येईल आणि वाचक गोंधळेल.

जुनापाटी: मान्य. पण पटीत थोडा फरक पडला तर आलेखातलं शिखर नुसतं मंद होईल ना?

स्फटिकवेडा: दोनच प्रतलं असती तर तसंच झालं असतं. हजार प्रतलं असतील आणि पथफरक तरंगलांबीच्या हजाराव्या भागाने चुकला, तर पहिल्याला पाचशे एकावं खोडतं, दुसऱ्याला पाचशे दोनावं. म्हणून शिखर अरुंद येतं.

लोहभस्म: माझा प्रश्न शब्दाचा नाही, यंत्राचा आहे. लोखंडाची भुकटी तांब्याची एक्स-रे नळी असलेल्या यंत्रात लावली. पार्श्वभूमी अख्ख्या आलेखात वर चढलेली, शिखरं बुटकी. 44.7° वरच्या शिखरावरून d काढला तर 1.10 Å आला. भुकटी खराब आहे का?

स्फटिकवेडा: भुकटी ठीक आहे. यंत्राच्या अक्षावर 2θ असतो, तुम्ही तोच θ म्हणून घातलात. 22.35° घाला, तांब्याच्या नळीची λ 1.54 Å धरून d 2.03 Å येईल, म्हणजे लोखंडाच्या 110 प्रतलांमधलं अंतर. पार्श्वभूमीचं कारण वेगळं. 1.74 Å पेक्षा आखूड किरण लोखंडाला स्वतःचे एक्स-रे फेकायला लावतात. कोबाल्टची नळी घ्या, तिची तरंगलांबी 1.79 Å आहे. मग शिखरं 2θ च्या 52.4°, 77.2°, 99.7° आणि 124° च्या आसपास येतील. 45° ते 130° मोजलंत की चारही मिळतील.

लोहभस्म: कोबाल्टची नळी आमच्याकडे नाही.

स्फटिकवेडा: मग डिटेक्टरसमोर मोनोक्रोमेटर लावा, लोखंडाचे स्वतःचे किरण तिथे अडतात. शिखरंही थोडी मंदावतील, तेव्हा मोजणी सावकाश करा.

मुक्ता: मग θ ला 'प्रतलकोन' लिहू?

जुनापाटी: प्रतलकोन म्हणजे दोन प्रतलांमधला कोन वाटतो.

मुक्ता: तूर्त 'प्रतलाशी होणारा कोन' एवढं लांबलचक लिहितेय. आटोपशीर शब्द सुचला तर सांगा.