जाहिरातीत ‘शेवटचे १० बॉक्स’ लिहायचं का?

पाचपाखाडीकर: दिवाळीला घरून अनारशांच्या ऑर्डरी घेते. नवरा म्हणतो स्टेटसला ‘शेवटचे १० बॉक्स’ टाक, लोक धावत येतात. पण करणारे मी ६०. काय लिहू?

खोचक_ठाणेकर: बिनधास्त लिहा हो! स्टेशनजवळ वर्षानुवर्षं ‘दुकान बंद करणे आहे’चा बोर्ड असतो, दुकान काय बंद होत नाही. घाई नाही दाखवली तर लोक नुसतं ‘बघू’ म्हणतात.

कॉपीवाला: ‘बघू’चं खरंय. पण अनारशाला खोटी घाई कशाला, खरी आहेच की! तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून दळून गुळात मळून पीठ मुरायला ठेवायचं, म्हणजे माप कितीतरी आधीच ठरतं, आणि तेच लिहायचं, ‘रविवारी तांदूळ भिजत घालतेय, शनिवारी रात्री ९ पर्यंत सांगितलंत तर तुमचं माप धरता येईल’. कारण दिसलं की लोक तारीख पाळतात. आणि ६० पैकी २० नेहमीच्यांचे ठरलेले असतील तर ‘४० बॉक्स’ लिहा, ३० गेले की मग ‘१० उरले’. तेच १० पहिल्या दिवशी लिहून आठवडाभर ऑर्डरी घेत बसलात तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हिशोब मांडणारच, मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट काढून.

कळवा_नाका: पण ‘मर्यादित स्टॉक’ लिहायलाच बंदी आलीय ना आता?

कॉपीवाला: अर्धं बरोबर. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या १३ प्रकारांत पहिलाच खोट्या घाईचा. माल आहे त्यापेक्षा कमी दाखवणं त्यात येतं. खरंच संपत आला असेल तर सांगायला कोण अडवतंय?

घोडबंदर_त्रस्त: आम्हाला ‘उद्यापासून रेट वाढणार’ सांगून फ्लॅटचं टोकन घेतलं आणि चार महिन्यांनी तोच रेट!! आता पैसे परत मिळतील का?

कॉपीवाला: तो वेगळा विषय आहे, पण तो मेसेज डिलीट करू नका.

पाचपाखाडीकर: आणि शनिवारी ९ नंतर जुन्या काकूंचा फोन आला तर?

कॉपीवाला: नाही म्हणायचं, किंवा आधीच ४ बॉक्स बाजूला ठेवायचे आणि जाहिरातीत ३६ लिहायचे. मुदत वाढवलीत तर मात्र कारणासकट सांगा, कोणाची ऑर्डर रद्द झाली वगैरे. गुपचूप वाढवली तर पुढच्या वर्षी कोणी शनिवार मनावर घेणार नाही.

खोचक_ठाणेकर: दिवाळीत जुन्या काकूंना नाही म्हणायचं? ठाण्यात राहता ना तुम्ही? आणि ते ४ कोणी नेलेच नाहीत तर?

कॉपीवाला: मग ‘४ बाजूला ठेवले होते, आता मोकळे आहेत’ असं लिहा. काकूंचं मात्र मलाही जमलेलं नाही अजून.