अनुभव धागा : तक्रार करण्यापूर्वी ठाण्याची हद्द कशी शोधलीत?

चाकरमानी : आमचे घर मालवण तालुक्यात असल्यामुळे, कुलूप तोडून तांब्याचा बंब आणि दोन समया नेल्याचे कळताच मी मालवणला जायला गाडी काढली. शेजारच्या काकांनी अडवले आणि पोलीस पाटलांना फोन लावून दिला. तालुका मालवण असला तरी आमची वाडी आचरा पोलीस ठाण्यात मोडते, हे मला त्या दिवशी कळले. आपण हद्द कशी शोधलीत, ते कृपया लिहावे.

माडाखाली : सोपे आहे. पोस्ट ज्या गावचे, ठाणेही तिथलेच, पिनकोड पाहावा.

निवृत्त लेखनिक : पिनकोड टपालासाठी असतो, त्यावरून ठाणे ठरत नाही. एका पोस्टाखालची दोन गावे दोन ठाण्यांत असू शकतात. नकाशातले 'जवळचे ठाणे'ही फसवते, कारण ते कधी खाडीपलीकडचे निघते. मी आधी महसुली गावाचे नाव नक्की करतो, कारण वाडीचे बोलीतले नाव अनेक गावांत सापडते. मग पोलीस पाटलांना दोनच प्रश्न विचारतो : ठाणे कोणते, आणि बीट कोणाकडे? 'दूरक्षेत्र' अशी पाटी दिसली, तर तिच्यावर मूळ ठाण्याचे नाव वाचावे. गुन्ह्याची नोंद त्या मूळ ठाण्यात होते. घरात कोणाच्या पासपोर्टची पडताळणी झाली असेल, तर कोणत्या ठाण्यातून बोलावणे आले होते, तेही आठवून पाहावे.

अंधेरीकर : एवढा खटाटोप कशाला? मी मुंबईत राहतो, म्हणजे माझी तक्रार मुंबईतच होणार ना?

निवृत्त लेखनिक : आपण कुठे राहता यावर नव्हे, चोरी कुठे झाली यावर हद्द ठरते. मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. तिथे शून्य क्रमांकाने नोंद होऊन कागद योग्य ठाण्याकडे जातात. पण पंचनामा शेवटी घराच्या उंबऱ्याशीच होणार, म्हणून शक्य असेल तर त्याच ठाण्यात जावे, असे माझे मत आहे.

रेल्वेप्रवासी : माझी बॅग धावत्या गाडीत गेली. कुठल्या गावाजवळ, हे झोपेत कसे कळणार? मला लोहमार्ग पोलिसांकडे पाठवले गेले, आणि शेवटचे कोणते स्थानक जागेपणी पाहिले, हेच त्यांनी पहिल्यांदा विचारले.

बागायतदार : आमच्या कलमांच्या बागेतून दोन गावांची शीव जाते आणि ती गावे दोन वेगळ्या ठाण्यांत आहेत. पंप चोरीला गेला तेव्हा मी सातबारा घेऊन गेलो. विहीर ज्या गटात, ते गाव धरून नोंद झाली. कुंपणाच्या तारा मात्र दोन्ही बाजूंनी कापल्या होत्या, त्यांचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही.

चाकरमानी : आमच्या घराचा पंचनामा झाला. बंब अजून मिळालेला नाही.