अनुभव धागा: कठोर आई-वडिलांसाठी घाटावर दोन शब्द

आपल्याकडं अग्नी दिला की घाटावरच शोकसभा होते, तेरवीला घरच्यांनाही बोलावं लागतं. घरात मार, दारू किंवा वर्षानुवर्षांचा अबोला होता, अशांनी काय बोललं?

प्रार्थनावाले काका, अमरावती जिल्हा
मी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत असतो, म्हणून पोरं कागद दाखवायला येतात. एकानं लिहिलं होतं, ‘बाबा प्रेमळ होते.’ मी विचारलं, कधी दिसलं? त्याला सांगता आलं नाही. ते वाक्य खोडलं. मग त्यानं लिहिलं, ‘बाबांनी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांचा आवाज चढला की आम्ही भावंडं गोठ्यात जाऊन बसत होतो. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी बैलजोडी विकली, त्या वर्षी भाड्याच्या बैलांनी कपाशीत डवरे हाकले, आणि कधी बोलून दाखवलं नाही.’ बैलजोडीनं मार फिटला असं त्यानं म्हटलं नाही, मीही म्हणू दिलं नाही. आईला मारत होते, हेही कागदावर होतं. तो कागद तेरवीच्या आदल्या दिवशी तिला वाचून दाखवायला लावला. ती म्हणाली, “ते माहं हाय, गावाले सांगू नोको.” ते काढलं. आपण सोसलं ते आपण सांगावं, दुसऱ्याचं त्याला विचारून.

यवतमाळकडचा शेतकरी
गेलेल्या माणसाचं वाईट बोलूच नये. मी बापाच्या तेरवीला फक्त हात जोडले. कोणाचं काही अडलं नाही.

वर्धेची लेक
दादा, तुम्ही गप्प राहिलात ते चांगलंच. आमच्याकडं मोठे काका उठून मायला ‘साक्षात देवी’ म्हणाले. माझी वहिनी तिथून निघून गेली. मायनं तिला लेकरू होत नाही म्हणून भरल्या पंगतीत बोल लावले होते, आणि त्या पंगतीतलेच लोक मान हलवत होते. मग मी उभी झाली. म्हटलं, ‘माय जिभेची तिखट होती. वहिनीला ती लागेल असं बोलली, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. निंदणाच्या दिवसांत बायांची मजुरी मात्र तिनं कधी बुडवली नाही.’ काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.

बुलढाण्याहून
माझे बाबा आहेत अजून, पॅरालिसिसनं खाटेवर. मीच त्यांचं सगळं करतो. वर लिहिलंय तसं त्यांना आत्ताच तोंडावर सांगितलं तर चालेल काय?

प्रार्थनावाले काका
भाऊ, त्यांना उत्तर देता येतं का, ते आधी पाहा. घाटावर माणूस उत्तर देत नाही, म्हणून तिथं आपण शब्द मोजतो. त्यांची वाचा गेली असेल तर खाटेजवळही तेवढंच मोजून बोला.

वर्धेची लेक
काकाजी, मला नाही पटत. माय बोलती होती तेव्हाच मी म्हणायला पाहिजे होतं, असं वहिनीला अजून वाटते.